इतिवृत्तात न आलेलं वाक्य

दुपारच्या पिवळसर उजेडात नाट्यगृहाच्या विश्वस्त मंडळाची बैठक पाण्याखाली चालल्यासारखी लांबत होती. अध्यक्ष असलेली ताई आणि विश्वस्त असलेला तिचा धाकटा भाऊ बंद पडलेल्या रंगमंचावरून भांडत होते.

"तुला फक्त बाबांची अध्यक्षाची खुर्ची हवी होती," तो तोडून बोलला.

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. इतिवृत्त लिहिणाऱ्या सचिवबाईंचं पेन हललं नाही.

शेवटी रंगमंच दुरुस्त करायचं ठरलं.

"करणार कोण?" सचिवबाईंनी विचारलं. "'सगळे' लिहिलं, तर कुणीच करणार नाही."

"माझं नाव लिहा," भाऊ म्हणाला. "पुढच्या बैठकीपर्यंत कंत्राटदार बघतो."

दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा मसुदा आला. त्यात ठराव, भावाचं नाव आणि मुदत एवढंच होतं. त्याने सचिवबाईंना फोन लावला.

"मी ताईला बोललो ते कुठंय?"

"त्यातून काही ठरलं नव्हतं. इतिवृत्तात ठरलेलंच येतं."

कागदावर नसलं तरी ताईच्या मनात ते असणारच, हे त्याला कळत होतं. संध्याकाळी तो नाट्यगृहात गेला. रिकाम्या खुर्च्यांवर धूळ संथ तरंगत होती आणि ताई पहिल्या रांगेत एकटीच बसली होती.

"ताई, मी नको ते बोललो."

तिने शेजारच्या खुर्चीवरची धूळ पदराने पुसली. "बस," ती म्हणाली.