सांगू नका, आम्ही अजून पाहिला नाही

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दोन माणसांची लाइन जोडून दिली, आवाज नीट येतो आहे एवढी खात्री केली, की आपला कान बाजूला काढायचा, हा आमच्या खोलीचा धर्म. लग्नं ठरायची, मोडायची, माणसं गेल्याच्या बातम्या जायच्या, आणि आम्ही मुली त्यातून कोरड्या बाहेर यायचो. त्यामुळे नातीने जेव्हा मला दम भरला, की "आजी, पुढच्या रविवारपर्यंत तुला शेवट कळता कामा नये," तेव्हा मला हसू आलं.

"अगं, न ऐकायचा मला पगार मिळायचा."

"तेव्हा फोन एका वेळी एकच बोलायचा. आता सगळे एकदम बोलतात. आण तो इकडे."

गोष्ट एका सिनेमाची होती. त्याचा पहिला भाग आम्ही दोघींनी घरीच, एका शालीखाली पाय घेऊन पाहिला होता. शेवटी नायिका त्या बिनखिडकीच्या खोलीत शिरते, दार मागे लागतं, आणि काळोखात ती म्हणते, "अगं, तू?" संपलं. आत कोण होतं, ते दुसऱ्या भागात. वर्षभर आम्ही दोघी त्यावर भांडलो. नात नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तरी फोनवर भांडलो. शेवटी ठरलं, दुसरा भाग दोघींनी एकत्र पाहायचा, दोघींनी कोऱ्या मनाने. तो शुक्रवारी लागणार होता आणि तिला सुटी त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या रविवारी.

मला हे एवढं का लागलं होतं, ते ताईमुळे. आम्ही बहिणी सगळे सिनेमे बरोबर पाहिले. शेजारच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. पहिला खेळ बघून आल्या की जिन्यातूनच सुरू, "अगं, खुनी म्हणजे त्याचा सख्खा..." ताई धावत येऊन माझ्या कानांत बोटं घालायची आणि स्वतः मोठ्याने गुणगुणत राहायची. म्हणजे तिचे स्वतःचे कान उघडेच, काकूंचं तिला ऐकू यायचं. माझ्यासाठी ती तो शेवट स्वतः ऐकून घ्यायची आणि माझ्या शेजारी बसून, काहीच माहीत नसल्यासारखी दचकायची. म्हातारपणी ती आमच्याकडेच राहिली. जेवणाच्या टेबलाशी माझ्या डावीकडची खुर्ची तिची. ती गेल्यावर तिथे कुणी बसत नाही. फोटो नाही, काही नाही. नुसती रिकामी ठेवली आहे. मला बरं वाटतं.

मधे चार दिवस राहायला आलेल्या नातीने परत जायच्या आदल्या दिवशी माझा फोन घेतला आणि शब्द अडवायला बसली. सिनेमाचं नाव देवनागरीत, मग इंग्रजी अक्षरांत, मग लोक घाईत चुकीचं लिहितात तसं. नटीचं नाव, दिग्दर्शकाचं नाव, "शेवट", "आत कोण".

"आता हे शब्द असलेलं काही तुला दिसणार नाही. पण चित्रावर लिहिलेलं याला वाचता येत नाही, म्हणून उगाच खाली खाली सरकवत बसायचं नाही. व्हॉट्सॲपवर तर शब्द अडवायची सोयच नाही. सगळे ग्रुप मी अर्काइव्हमध्ये टाकलेत, स्टेटस उघडायचे नाहीत. व्हिडिओच्या ॲपवर अजिबात जायचं नाही. तू पहिला भाग पाहिलायस हे त्याला माहीत आहे, ते नेमकं तेच समोर आणून ठेवेल. आणि नाव शोधायला जाऊ नकोस. दोन अक्षरं टाकलीस की पुढचं वाक्य तेच पुरं करतं."

"बागकामाचे व्हिडिओ?"

"तेही नाहीत, त्यांच्याखाली कमेंट असतात. कारल्याच्या वेलाखाली येऊन शेवट सांगणारे नग असतात."

"आणि तू गं?"

"मी? माझं तोंड आणि डोळे, दोन्ही बंद."

शुक्रवार उजाडला आणि माझा फोन खरंच शांत झाला. आधी बरं वाटलं. मग चमत्कारिक वाटायला लागलं. एरवी भाजी मंडईसारखा गजबजलेला तो फोन, आता त्यात कुणाची तरी मांजर, कुणाचा तरी पाऊस, आणि मधेच कुणीतरी कुणालातरी दिलेली उत्तरं. "मलाही तसंच वाटलं." "मी तर घरी येऊन दिवा लावूनच झोपलो." ज्याला उत्तर द्यायचं ते मूळ वाक्यच गायब. आमच्या बोर्डावर कधी कधी एकाच बाजूचा आवाज यायचा, दुसरीकडे नुसती खरखर. तसं.

शनिवारी औषधं आणायला गेले. दुकानदार माझ्या मुलाच्या वयाचा, बडबड्या.

"आजी, पाहिलात का?"

"नाही, आणि एक अक्षर बोलाल तर दुकान बदलीन."

"नाही बाबा, ब्र काढणार नाही," म्हणत तो हसला. हसता हसता त्याने एक खोकं उचललं आणि शेजारच्या रिकाम्या स्टुलावर ठेवलं. त्या स्टुलावर मी नेहमी टेकते. त्याला ते ठाऊक आहे. मी उभीच राहिले.

सोमवारी दाताच्या डॉक्टरांकडे. बाहेर दोन मुली बसल्या होत्या, मध्ये एक खुर्ची मोकळी, तिच्यावर हेल्मेट. माझ्याकडे बघून एक म्हणाली, "बसा ना आजी," आणि स्वतः उठून आपली खुर्ची दिली. हेल्मेट मात्र उचललं नाही. उभी राहून मैत्रिणीला म्हणाली, "काल बघितल्यापासून मला नीट झोपच नाही." मी कानांवर हात ठेवले. दोघी ओशाळून आपापल्या फोनात शिरल्या.

मला तोपर्यंत काही लक्षात आलं नव्हतं. आलं ते बुधवारी, घरात. सून तिच्या ऑफिसातल्या बायकांबरोबर सिनेमा पाहून आली होती. बिचारी शहाणी, आल्यावर "आई, मी काहीच सांगणार नाही" म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेली. जेवायला बसताना तिने खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली आणि ताईच्या खुर्चीवर ठेवला.

"तो टॉवेल तिथे का ठेवलास?"

"कुठे?" तिने खुर्चीकडे पाहिलं. "अगंबाई! चुकून." तिने तो उचलला. पुन्हा पाणी आणायला उठली, येऊन बसली, तेव्हा टॉवेल खुर्चीवर होता.

माझा मुलगा तेवढा निर्धास्त जेवत होता. त्यानेही सिनेमा पाहिला नव्हता.

त्यानंतर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बँकेत, केस कापायच्या दुकानात, सोसायटीच्या बाकावर. ज्यांनी पाहिला होता ते आपल्या शेजारची जागा रिकामी ठेवत नव्हते. पिशवी, वर्तमानपत्र, छत्री, काही नाही तर किल्ल्या. आणि कुणाचंही त्याकडे लक्ष नव्हतं. मी चडफडले. एवढे शब्द अडवले, कारल्याच्या वेलापासून लांब राहिले, आणि लोकांनी हातवाऱ्यांनी शेवट सांगून टाकला! त्या खोलीत रिकामी खुर्ची असणार आणि तिच्यावर कुणीतरी येऊन बसत असणार. न ऐकायचं मला येत होतं. न बघायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ठरवलं, नातीला यातलं काही कळू द्यायचं नाही. ताईसारखं मीच ऐकून घेतलं असं समजायचं आणि तिच्या शेजारी खोटं दचकायचं.

रविवारी सकाळी ती आली. गळ्यात पडली, चहा मागितला, टेबलाशी बसली. आणि पाठीवरची सॅक काढून, बोलता बोलता, ताईच्या खुर्चीवर ठेवली.

या मुलीने लहानपणापासून त्या खुर्चीवर कधी साधा रुमालही टाकला नव्हता.

"कधी पाहिलास?" मी विचारलं.

"काय?"

"चहात बिस्किट बुडतंय तुझं. कधी पाहिलास?"

तिचा चेहरा उतरला. "शुक्रवारी. आजी, खरंच, मला जायचं नव्हतं. ऑफिसातले सगळे चालले होते, म्हणाले, तुझ्यासमोर आम्ही दिवसभर गप्प बसायचं का? मी म्हटलं, हे असेही बोलून टाकतील. त्यापेक्षा... आणि तुझ्याबरोबर पुन्हा पाहीन. तुला कळणारही नाही." मग डोळे पुसून म्हणाली, "पण तुला कळलं कसं? मी तर एक शब्दही बोलले नाही."

"खुर्चीवरून. सगळेच करताय तुम्ही. शेवटी ती खुर्ची येते ना?"

नातीने सॅककडे पाहिलं. कुणी दुसऱ्याने ठेवल्यासारखं पाहिलं.

"आजी," ती हळूच म्हणाली, "सिनेमात खुर्ची नाहीये."

दुपारच्या खेळाला आम्ही गेलो. मी म्हटलं होतं, राहू दे, पण ती ऐकेना. कोरं मन माझं एकटीचं तरी होतं, ते तिला वाया घालवायचं नव्हतं. थिएटर अर्धं भरलेलं. माझ्या उजवीकडे ती, डावीकडे जागा मोकळी. बहुतेक सगळे माझ्यासारखेच अजून न पाहिलेले, कुणी फोन उघडत नव्हतं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दिवे जाण्याआधी मी मुद्दाम सगळ्या रांगांवर नजर टाकली. रिकाम्या खुर्च्या रिकाम्याच होत्या.

शेवट मी सांगणार नाही. ज्या धाकाने मी ते दिवस काढले, तो दुसऱ्याला लावायचा नाही. एवढंच सांगते, की खोलीत जे होतं ते आमच्या दोघींच्या वर्षभराच्या भांडणात एकदाही आलं नव्हतं. मी खरोखर दचकले. नातीने माझा हात घट्ट धरला, आणि ती खोटं दचकली नाही. आणि हेही सांगते, कारण त्याने कुणाचं काही बिघडत नाही: त्या सिनेमात खुर्ची नाही. बाक नाही, पलंग नाही. माणसं जमिनीवर बसतात. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

दिवे लागले. लोक उठायला लागले आणि वाकून आपापल्या वस्तू उचलायला लागले. पर्स, जॅकेट, पाण्याची बाटली. सगळ्या शेजारच्या खुर्च्यांवरून. मी डावीकडे पाहिलं. माझी शाल तिथे होती, नीट घडी घालून. ती मी केव्हा काढली, मला आठवत नाही. थिएटर गार होतं आणि मला थंडी वाजत होती.

"उचल," नात म्हणाली.

"तू उचल."

शेवटी दोघींनी एकेक टोक धरून उचलली.

घरी आलो तर मुलगा दारातच. "काही सांगू नका हां! मी उद्या जाणार आहे." आणि मोजे काढायला म्हणून त्याने हाताशी आली ती खुर्ची ओढली. ताईची.

"नको!" मी, सून आणि नात, तिघी एकदम ओरडलो.

तो अर्ध्यात थांबला. "अरे, म्हटलं ना, सांगू नका!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सांगण्यासारखं कुणाकडे काहीच नव्हतं.

आता ती खुर्ची रिकामी नसते. सकाळी मी शाल उचलते, आवाज न करता खुर्ची पुसते, आणि हात आपोआप शाल परत ठेवतो. ताई रागावेल असं पहिल्यांदा वाटलं होतं. एवढी वर्षं तिच्यासाठी जागा धरली, आणि आता मीच अडवून बसले. पण कधी जेवताना डावीकडून कुणीतरी हळू गुणगुणल्यासारखं होतं, आणि मी मान वळवत नाही. ताईच असेल, असं पूर्वी मी बेधडक म्हटलं असतं.