कोरड्या हातांचा कागद

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सगळे तिला मावशी म्हणत. साहेबांपासून भाजी चिरणाऱ्या, सगळे मिरची म्हणत त्या पोरीपर्यंत सगळे. अकरा वर्षं ती तिथं भांड्यांच्या हौदापाशी उभी होती. सकाळी आठ ते चार, समोर गरम पाणी आणि साबणाचा फेस, डावीकडे खरकट्या ताटांची चळत, उजवीकडे धुतलेल्या ताटांची. ताटं किती, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "माणसं चारशे, मग तूच बघ."

गेल्या हिवाळ्यात तिच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना नखाच्या मुळाशी सूज आली. कातडी लाल, तुकतुकीत, टपोरी झाली आणि नखाला चिकटून असते ती पातळ पापुद्र्याची कड कुठं गेली ते कळलंच नाही. दाबलं की ठणका थेट कोपरापर्यंत जायचा. पुढं नखंही आडव्या लाटांसारखी उंचसखल झाली. औषधाच्या दुकानात तिनं बोटं पुढं केली आणि म्हणाली, "नखुरडं झालंय बघा."

दुकानदार हसला. "नखुरडं चार दिवसांत पिकतं आणि फुटतं, मावशी. हे चार महिने रेंगाळलंय ना? मग ही बुरशी. घरात कुणाला आहे का?"

होती ना. नवऱ्याच्या पायाच्या अंगठ्याला. नवऱ्यानं आयुष्यभर फाटकावर पहारा दिला, बारा-बारा तास बुटात पाय. नख टोकाकडून पिवळं पडत गेलं होतं, जाड झालं होतं, कापायला गेलं की भुसा पडायचा. पण दुखत कधीच नव्हतं. दुकानदारानं दोघांना मिळून एकच ट्यूब दिली, आणि मावशीच्या डोक्यात पक्कं बसलं, हे त्याच्यामुळंच.

मग काय, घरात त्या बिचाऱ्याची फजिती सुरू झाली. त्याचे मोजे वेगळे, टॉवेल वेगळा, अंथरूण भिंतीकडे. "माझ्या हातांची वाट लावलीत तुम्ही," असं ती रोज एकदा तरी ऐकवायचीच. तो आंघोळीनंतर बाल्कनीत बसून अंगठा पुसत राहायचा, जणू पुसून जाईल. आणि ती स्वतः, बुरशी निघावी म्हणून, कामावरून आल्यावर अर्धा-अर्धा तास बोटं मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, मग टाचणीनं नखाची कड साफ करायची. हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, घाण आहे ती काढायला हवी.

बातमी कॅन्टीनमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? मिरचीनं तिचा पेला वापरणं बंद केलं. तपासणीवाले येणार म्हणून साहेबांनीही घाई केली. "मावशी, बुरशीवाले हात भांड्यांना लावता येत नाहीत. नियम आहे. तुम्ही कोठीत बसा. महिनाअखेरपर्यंत डॉक्टरांचा कागद आणा, नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

कोठी म्हणजे मागची अंधारी खोली. बंद खोक्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या. ना पाणी, ना माणूस. जेवायलाही ती तिथंच एकटी बसायची. घरी तर आता नवराच म्हणाला, "माझ्या पापाचं तू कशाला भोगतेस? भांडी मी घासतो." तिनं रागानं घासू दिली. मिठाचं पाणीही सोडलं. रुसलेल्या माणसाला उपचाराची हौस उरत नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचे हात तीन आठवडे कोरडे राहिले. सूज थोडी बसली होती. तिनं ते पाहिलं, पण त्याचं श्रेय ट्यूबला दिलं.

शेवटी नवऱ्याला घेऊन ती सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. दोघांची नखं खरवडून त्यांनी काचेवर घेतली आणि आठवड्यानं बोलावलं. आठवड्यानं त्यांनी नवऱ्याचा पाय एका स्टुलावर ठेवायला लावला, तिचा हात शेजारी.

"बघा. यांची बुरशी नखात आहे. टोकाकडून शिरली, नख जाड केलं, भुसा केला. आजूबाजूची कातडी शांत आहे. तुमचं उलटं. दुखणं कातडीला आहे, नख फक्त त्या सुजेमुळं वेडंवाकडं वाढतंय. तुमच्या नखात बुरशी सापडली नाही. कडेच्या फटीत कधी थोडी सापडते, पण ती पाहुणी असते. घरमालक पाणी."

"म्हणजे काय झालंय मला?"

"तुम्ही लोक नखुरडं म्हणता ना? तेच. एक पटकन पिकणारं असतं आणि एक असं महिनोन्महिने रेंगाळणारं. सतत ओल्या हातांचं. नखाची कड म्हणजे दाराची झडप. ती पाण्यानं, साबणानं झिजली की फट पडते आणि आत सगळं साचतं. टाचणी लावत होतात का? ती बंद. मिठाच्या पाण्यात बोटं बुडवत असाल तर तेही बंद."

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

"म्हणजे माझ्यामुळं नाही?" त्यानं विचारलं.

"अजिबात नाही."

त्याचे डोळे भरून आले आणि त्याला ते लपवता येईना. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा महिने या माणसाला तिनं भिंतीकडे झोपवलं होतं.

बाईंनी सूज उतरायला मलम दिलं. "पण मलम दुय्यम आहे. खरं औषध कोरडे हात. निदान तीन महिने. काम करावंच लागलं तर आतून सुती हातमोजे, वरून रबरी, आणि आत पाणी गेलं की लगेच बदला." कागदावर त्यांनी ठळक लिहिलं: नखाला बुरशी नाही. यांच्यापासून कुणाला लागण होण्याची भीती नाही. हात पाण्यापासून दूर ठेवावेत.

कागद घेऊन मावशी दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं साहेबांकडे गेली. मिरचीला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचायला लावलं. साहेबांनी पहिली दोन वाक्यं वाचली आणि ते मनापासून खूश झाले.

"सुटलो! बदलीची बाई नुसती ताटं फोडते. लागा मावशी हौदावर, आत्तापासून."

"साहेब, तिसरी ओळ..."

त्यांनी ती वाचली. कागद उलटा करून मागं काही आहे का तेही पाहिलं.

"मावशी, कोठीत माणसाची गरजच नाही हो. तुमच्या बुरशीसाठी जागा काढली होती. बुरशी असती तर नियम होता, महिनाभर मला बसवता आलं असतं. ओल्या हातांचा नियम कुठाय? हौदावर नसाल तर मी तुम्हाला हजेरीत कुठं दाखवू?" ते खोटं बोलत नव्हते, हाच तर वैताग होता. चिडावं असं समोर कुणीच नव्हतं.

मिरचीनं आपला पेला पुसून तिच्यापुढं पाण्यानं भरून ठेवला. तिला बिचारीला वाटलं, आता सगळं मिटलं.

मावशीनं सुती हातमोजे घातले, वर रबरी. पहिलं मोठं पातेलं उचलताना पाणी मनगटावरून आत गेलं. तिनं बदलले. दुसरी जोडी दहा वाजायच्या आत भिजली. तिसरी नव्हतीच. मोज्यांत बोटं भिजत ठेवण्यापेक्षा उघडी बरी, असं म्हणून तिनं ते काढून ठेवले.

संध्याकाळी घरी आली तर नवरा मोरीपाशी बाही दुमडून उभा. अंथरूण तिनं कालच शेजारी घेतलं होतं, तेव्हापासून त्याचा चेहरा वेगळाच होता. ती पेला विसळायला वाकली तर त्यानं तिचा हात बाजूला केला.

"तीन महिने पाण्याला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. मी आहे ना."

तिनं त्याला कामावरचं काही सांगितलं नाही. पदराखाली हात घेऊन ती पाटावर बसली. बोटं पुन्हा ठणकत होती. तो घरातली दोन ताटं घासत होता, सावकाश, अगदी निगुतीनं, मधेमधे वळून तिचे हात कोरडे आहेत ना ते बघत.