फक्त अॅडमिन

सकाळी पावणेआठला दूध उतू जाऊ नये म्हणून मी एक डोळा पातेल्यावर आणि एक डोळा दारावर ठेवून उभी होते. माझं पाळणाघर आठला उघडतं. नऊ मुलं येतात, त्यातली सात याच इमारतीतली. त्या दिवशी सव्वाआठ झाले तरी तीनच आली. मग मी फोन हातात घेतला.

इमारतीच्या सूचनांच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांनी सात दहाला लिहिलं होतं : 'चौथ्या मजल्यावरील पाळणाघरातील एका मुलास कांजिण्या झाल्याचे आढळले आहे. पालकांनी योग्य ती दक्षता घ्यावी.' खाली अंगठे, रडके चेहरे, जोडलेले हात. त्या हातांवर बोट ठेवलं की कोणी जोडलेत ते दिसतं. त्यात माझ्याकडच्या चार मुलांच्या आया होत्या. अहो, समोरासमोर राहता, दार वाजवून विचारायला काय झालं होतं?

मी रागारागाने उत्तर टाइप करायला गेले, तर खाली लिहायला जागाच नाही. 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात.' आठ महिन्यांपूर्वी पार्किंगवरून या ग्रुपवर इतकी हमरीतुमरी झाली होती की काकांनी मतदान घेऊन तोंडं बंद केली. बंद करण्याच्या बाजूने पहिलं मत माझंच होतं. सुटलो एकदाचे, असं मी नवऱ्याला म्हटल्याचंही आठवतं.

मुलगा कुणाचा, हे मला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची पोरगी लिफ्टशी दोन पिशव्या आणि आपलं तापाने फणफणलेलं पोर घेऊन उभी होती. ती पिशव्या सावरत मागे राहिली, मी त्याचा हात धरून त्याला वर नेलं. मला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्यात, मला कसली भीती? लिफ्टमध्ये भेटलेल्या काकांनी त्याच्या गालावरचे फोड पाहिले आणि माझ्या हाताशी मूल म्हणजे माझ्याकडचंच, असा हिशोब जुळवला. मी त्याच्या दारापर्यंत गेले नसते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. वाटतं आणि वाटल्याची लाज वाटते.

ती पोरगी साडेआठलाच जिन्यात मला भेटली. ऑफिसला निघण्याच्या घाईत नव्हती, घरीच थांबली होती.

"ताई, माझं नाव घेऊ नका हो," ती म्हणाली. "आमचं भाड्याचं अॅग्रीमेंट या महिन्यात संपतंय. घरमालक त्याच ग्रुपमध्ये आहेत. आधीच म्हणतात, लहान मूल असलेलं बिऱ्हाड नको."

"नाही घेणार," मी म्हटलं. तिचे डोळे सुजलेले होते. दुसरं काय म्हणणार होते?

तीन मुलांना शेजारच्या आजींकडे बसवून मी काकांच्या दाराची बेल वाजवली. काका सोफ्यावर रक्तदाबाचं यंत्र दंडाला बांधून बसले होते.

"काका, ते मूल माझ्याकडचं नाही. माझ्याकडे कुणालाही कांजिण्या नाहीत. ती सूचना दुरुस्त करा."

"आता दुरुस्ती होत नाही. पंधरा मिनिटांच्या आत करावी लागते," ते शांतपणे म्हणाले. त्यांना यातली सगळी कलमं पाठ.

"मग काढून टाका."

"काढली तर तिथे 'हा संदेश काढून टाकला' असं दिसतं. लोक म्हणतील, दाबादाबी झाली. बरं, आता काढूनही उपयोग काय? हे बघा." त्यांनी सूचनेवर बोट दाबून मला ती कोणी कोणी वाचली याची यादी उघडून दाखवली. चाळीसांपैकी अडतीस जणांनी वाचलेली. त्यांच्या आवाजात थोडं समाधान होतं, याचा मला जास्त राग आला. इतके दिवस पाण्याच्या टाकीची सूचना बारा जणही वाचत नव्हते.

"मग नवीन लिहा, की पाळणाघरात नाही."

"मग ते मूल कुणाचं?"

यंत्राने टीं केलं, काकांनी आकडा वाचला आणि चष्मा काढला. "तुम्ही मला सांगणार नाही आणि मी मात्र पुन्हा सूचना द्यायची. चाळीस जण मला फोन करतील. एक करतो. मी तुम्हाला अॅडमिन करतो, तुमचं तुम्ही लिहा. एकच संदेश. अर्ध्या तासाने काढून घेईन."

आजींकडून मुलांना घेऊन घरी येईपर्यंत फोनवर आलं : 'तुम्ही आता अॅडमिन आहात.' लिहायची जागा उघडी होती. मी लिहिलं : 'माझ्या पाळणाघरातील कोणत्याही मुलास कांजिण्या नाहीत. सूचनेतील मूल माझ्याकडचे नाही.' पाठवलं आणि वाटलं, झालं, गळ्यातला फास सुटला.

तीन अंगठे आले. मग एकेकाचे खासगी संदेश. 'मग कुणाचं?' 'खरंच ना?' 'डॉक्टरचं पत्र आहे का?' एकीने लिहिलं, 'तुमच्यावर विश्वास आहेच, पण आठवडाभर त्याची आजी सांभाळेल.' विश्वास आहेच म्हणणारी माणसं असं का वागतात, देव जाणे. नाव सांगितल्याशिवाय कोणाचंही समाधान होणार नव्हतं. आणि नाव सांगायला मला आता कोणी अडवणारं नव्हतं. दोन शब्द लिहिले असते तर दुपारपर्यंत सहाही मुलं परत आली असती. त्या पोरीला मात्र खाली उत्तर द्यायला जागाच नसती. सकाळी माझी जी गत झाली तीच तिची.

मग मला वेगळंच सुचलं. फक्त अॅडमिनला दिसणारं सेटिंग मी उघडलं आणि 'संदेश कोण पाठवू शकतं' तिथे 'सगळे सदस्य' केलं. ग्रुपवर तशी ओळ उमटली. मी लिहिलं, 'ग्रुप उघडला आहे. ज्यांना विचारायचंय त्यांनी इथेच विचारा. ज्यांना काही माहीत असेल त्यांनी इथेच सांगावं.'

आठ महिन्यांपूर्वी एका स्कूटरवरून शंभर संदेश लिहिणारी माणसं. आता कुणी एक अक्षर लिहीना. तिघं अजून मांडीशी ठोकळे रचत होती, मी फोन जमिनीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

वर तिचं नाव आलं. दुसरा मजला, टायपिंग. थांबलं. पुन्हा टायपिंग. किती वेळ लिहीत होती! सांगत्येय, मी मनात म्हटलं, पोरगी सांगत्येय, मी हिच्यासाठी गप्प राहिले ते फुकट नाही गेलं.

तिचा संदेश आला : 'सगळ्यांनी आपापल्या मुलांची काळजी घ्या. पाळणाघराबाबत तर विशेष.'

बघता बघता त्याला चौदा अंगठे लागले. घरमालकाचाही.

मी अॅडमिन होते. तो संदेश सगळ्यांसाठी काढून टाकायचा पर्याय माझ्यासमोर होता. पण काढला असता तर 'अॅडमिनने काढला' असं माझ्याच नावाने उमटलं असतं, आणि आधीच ज्यांना संशय होता त्यांना पुरावा मिळाला असता. बोट तसंच वर धरून बसले. मग ग्रुप पुन्हा बंद झाल्याची ओळ आली आणि त्याखाली, मला एकटीलाच दिसणारी : 'तुम्ही आता अॅडमिन नाही.' काकांनी अर्धा तास मोजला होता.

बारा वाजता बेल वाजली. सगळ्यात धाकट्याची आई ऑफिसातून मधूनच आली होती. "आज लवकर नेते, मावशी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिला कुठेही काही सांगायला आता माझ्याकडे जागा नव्हती, दारातसुद्धा. मी त्याची पिशवी भरून दिली. ती लिफ्टशी गेल्यावर पाण्याची बाटली राहिलेली दिसली. मी धावत जाऊन दिली, तर तिने पदराने तोंड झाकून ती दोन बोटांनी धरली.