हिरव्या डॅशबोर्डातले तीन आकडे

क्रांती चौकातल्या ऑफिसात सत्यशीला सकाळपासून डॅशबोर्ड उघडून बसली होती. ऑक्टोबर ते डिसेंबरचे सव्वीस आकडे, सव्वीस चौकोनांत. एक सोडून सगळे हिरवे. बाहेर दुष्काळ पडला होता आणि आत अशी हिरवळ! तिला हसूही येईना, इतका कंटाळा आला होता.

कंपनी ठिबक सिंचनाचे संच आणि पाण्याच्या टाक्या बनवायची. तिमाहीचा अहवाल हेड ऑफिसला द्यायचं काम सत्यशीलाचं. दुपारी व्हिडिओवर बैठक होती आणि तिला पाच मिनिटं मिळणार होती. पाच मिनिटांत तीन आकड्यांपलीकडे कुणाच्या डोक्यात काही राहत नाही, हे ती इतक्या वर्षांत शिकली होती.

तिचे साहेब, विभागाचे मॅनेजर अजिनाथ, चहाचा कप घेऊन आले. "ठिबकचं दुकानदारांना बिलिंग चौदा टक्के वाढलं, हा पहिला. टाक्या दुप्पट गेल्या, हा दुसरा. नवे दुकानदार अकरा, हा तिसरा. झालं."

"आणि लासूर स्टेशनचं लाल, साहेब?"

"लाल तर लाल. सोमनाथनं डिसेंबरात एक रुपयाचं बिल फाडलं नाही. हेड ऑफिस त्याला काढा म्हणतंय. मी काय करू?"

लासूरचा सेल्समन सोमनाथ धनगराघरचा, बोलायला सरळसोट. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अजिनाथांनी सगळ्यांना फर्मान काढलं होतं: माल दुकानात उतरवा, विकला जावो न जावो, तिमाहीचं बिल फाटलं पाहिजे. दर तिमाहीला हेच. सगळ्यांनी उतरवला. सोमनाथ तेवढा म्हणाला होता, "विहिरीत पाणी नाय, साहेब. पाइपात काय हवा सोडायची? आमच्या पुंजारामशेटच्या दुकानात ठेवायला जागा बी नाय." त्याच दिवशी त्याच्या नावापुढे लाल रंग चढला.

सत्यशीलानं कागदावर टाक्यांचा आकडा लिहिला आणि खोडला. टाक्या खपणारच. तिच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, प्रत्येक गच्चीवर काळी टाकी चढलेली. आकडा खरा, पण तो ऐकून कुणी काही वेगळं करणार नव्हतं. नव्या दुकानदारांचंही तेच. मग ठेवायचा तरी कशाला?

तिनं पहिला आकडा साहेबांचाच ठेवला: ठिबकचं दुकानदारांना बिलिंग चौदा टक्के वर. दुसरा, दुकानातून गिऱ्हाइकाला गेलेला ठिबकचा माल: गेल्या वर्षीपेक्षा तीस टक्के खाली. हे दोन्ही शेजारी ठेवले की मधला माल कुठं गेला, हे कुणीही विचारणार. म्हणून तिसरा, दुकानात पडून असलेला साठा: आत्ताच्या खपानं जिल्ह्याला सरासरी पाच महिने पुरेल इतका, लासूरला एकच महिना. आणि खाली एक ओळ: मार्चअखेरपर्यंत दुकानात नवा माल उतरवू नये, टार्गेट गिऱ्हाइकाच्या खरेदीवर धरावं.

अजिनाथांनी वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझा बोनस गेला की गं."

"खोटं असेल तर काढते, साहेब."

त्यांनी कागद परत तिच्या टेबलावर ठेवला. "असू दे," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून गेले. तिला त्यांची कीव आली, रागही आला.

बैठकीत पुण्याच्या हेड ऑफिसातल्या साहेबांनी दुसऱ्याच आकड्यावर थांबवलं. "मग डिसेंबरात एवढा माल उतरवायला कुणी सांगितलं?"

सत्यशीलानं मान खाली घातली. अजिनाथ घसा खाकरून म्हणाले, "मी."

पुढचं लवकर उरकलं. मार्चअखेरपर्यंत ठिबकचं बिलिंग बंद, टार्गेट गिऱ्हाइकाच्या खरेदीवर, आणि लासूरचा माणूस तोवर राहू द्या.

तिनं पायऱ्यांवर येऊन लगेच सोमनाथला फोन लावला. त्यानं कंपनीच्या मोटारसायकलची चावी सकाळीच पुंजारामशेटकडे देऊन टाकली होती. आज आपण जाणार, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"चावी परत घ्या," ती म्हणाली. "राहिलात तुम्ही."

तो हळूच म्हणाला, "लई उपकार झाले, ताई. घरी सांगितलं बी नव्हतं." मग त्यानं विचारलं, "कवर?"

"मार्चअखेरपर्यंत. मग परत आकडे बघतील."

"गिऱ्हाइकानं घेतलेलेच धरणार ना?"

"हो. तेच खरे."

"व्हय, खरे," सोमनाथ म्हणाला. "पर पाऊस जूनमधी येतो, ताई."