नक्कल

१९९९ साली बोईसरच्या एका खासगी क्लासमध्ये चंद्रकांता पायथन ही संगणकाची भाषा शिकवत असे. जवळच्या किनाऱ्यावरच्या नवापूरचा रामा, कारखान्यातला ऑपरेटर, पाळी संपवून तिथे यायचा. कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनियरच्या मासिकातलं नऊ बाय नऊचं सुडोकू त्याने कागदावर उतरवून आणलं होतं. इंजिनियर मासिकासकट परत गेला होता.

चंद्रकांताचा पहिला प्रोग्राम साधा होता. रिकाम्या घरात बसेल तो आकडा टाकायचा, पुढे जायचं, अडलं की मागे येऊन दुसरा आकडा घ्यायचा. अवघड कोड्यांना तो फार वेळ लावी. म्हणून तिने नवा लिहिला. यात प्रत्येक घराला शक्य आकड्यांची यादी होती. एक आकडा बसला की तो त्या ओळीतल्या, स्तंभातल्या आणि चौकटीतल्या याद्यांमधून काढायचा; एखाद्या घरात एकच उरला की तो बसवून तसंच पुढे. तसं घर नसलं, तर यादीतला एखादा आकडा अंदाजाने टाकून बघायचा. कुठली यादी रिकामी झाली, तर अंदाज चुकला, मागे फिरायचं.

सोपी कोडी क्षणात सुटली. मग तिने सगळ्यांसमोर रामाचं कोडं घातलं. पडद्यावर लगेच आलं, ‘उत्तर नाही.’

“कोडं तुम्ही चुकीचं उतरवलंय,” ती म्हणाली. “मशीन खोटं बोलत नाही. आकडे नीट उतरवता येत नसतील तर प्रोग्रामिंग कसं जमायचं?”

कोणीतरी हसलं. दुसऱ्या दिवसापासून रामा आला नाही.

काही दिवसांनी क्लास सुटल्यावर तिने सहज तेच कोडं जुन्या, संथ प्रोग्रामला दिलं. चहा पिऊन येते तो पडद्यावर पूर्ण भरलेलं कोडं. तिने नवा प्रोग्राम ओळीओळीने तपासायला घेतला.

चूक तिनेच लिहिलेल्या प्रोग्रामच्या एका ओळीत होती. अंदाज करण्याआधी ती एक्क्याऐंशी याद्यांच्या तक्त्याची नक्कल करून ठेवी. पण नक्कल फक्त वरच्या तक्त्याची होत होती. आतल्या याद्या मूळ तक्त्यात आणि नकलेत त्याच राहत. चुकीच्या अंदाजात काढलेले आकडे मागे फिरल्यावरही परत येत नव्हते. सोप्या कोड्यांत अंदाज करावाच लागला नव्हता, म्हणून ते कधी दिसलं नाही. प्रत्येक यादीची वेगळी नक्कल केल्यावर रामाचं कोडं क्षणात सुटलं.

तिला आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिने वर्गात चूक सांगितली. सगळे लगेच त्या ओळीबद्दल विचारू लागले. रामाबद्दल कोणी काही बोललं नाही. त्यामुळे तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी ती नवापूरला गेली. रामाची आई रंभाबाई दारात बोंबील वाळत घालत होती. रामा बाहेर आला. चंद्रकांताने त्याच्या आईसमोरच सांगितलं की कोडं बरोबर होतं, प्रोग्राम तिचा चुकला होता, आणि ती त्याला जे बोलली ते बोलायला नको होतं.

“मी दोनदा पडताळून लिवला होता,” तो म्हणाला. “तुमी इचारलाच नाय.”

“नाही विचारलं.”

त्याने तिला बसायला सांगितलं. प्रोग्राममध्ये नेमकं काय चुकलं ते विचारलं नाही. क्लासला येणार का, असं तिने विचारलं तेव्हा पाळी बदललीय, बघतो म्हणाला.

पुढच्या महिन्यात तो आला, पण दाराजवळच्या संगणकावर बसला. कोडं सुटलेलं दाखवायला तिने त्याला हाक मारली नाही. तेवढं तोंड तिला नव्हतं.