जावयाच्या वाटणीची पुरी

अनादीबाबू कुंडूंचा पाय मुरगळला आणि त्यांचं पुरीचं कन्फर्म तिकीट वाया जायची वेळ आली. गाडी परवाची होती. दहा वर्षं माशाचं डोकं, म्हणजे बंगाली घरातला मानाचा तुकडा, जावयाच्याच ताटात वाढणारा हा माणूस, तिकीट आणखी कुणाला देणार? लेक तपती आणि जावई बिप्लव यांना घेऊन ते लंगडतच आसनसोलच्या आरक्षण कचेरीत पोचले.

"आईबाप, भाऊबहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको," खिडकीतल्या बाईंनी ऐकवलं. "तिकीट यांच्याच नावावर होतं. जावई यात बसत नाही."

"अहो, जावई कसला? मुलगाच आहे माझा!"

"मग त्याचा जन्मदाखला आणा. बापाच्या जागी तुमचं नाव असलेला."

"म्हणजे माझा जावई माझा कुणीच नाही?" अनादीबाबू भडकले. "सरकारला घरदार आहे की नाही?"

बिप्लवने शक्कल लढवली. "बाबा, चिडू नका. आधी तपतीच्या नावावर करा, मग ती माझ्या नावावर करेल. नवरा यादीत आहेच की!"

तपतीचा जन्मदाखला नेमका तिच्या पर्समध्येच होता. अर्ज झाला, सही झाली, तिकिटावर तिचं नाव चढलं. बिप्लवने लगेच तेच तिकीट पुन्हा खिडकीत सरकवलं.

"एकदा बदललं की संपलं. दुसऱ्यांदा बदलत नाही," बाई म्हणाल्या. "चला, पुढचे!"

"मग आता?" बिप्लवचा चेहरा पडला.

तपतीने तिकीट शांतपणे पर्समध्ये टाकलं. "आता काय, मी जाते. तुला माशाचं डोकं वाढायला बाबा आहेत."