फ्लॉवरचा रस्सा आणि सैंधव मीठ

सून तेजस्वीचा थायरॉइड बिघडला आणि खापर फुटलं सगुणाबाईंच्या फ्लॉवरच्या रश्श्यावर. महिनाभर त्यांना शेगडीजवळ फिरकू दिलं नव्हतं.

कुळगावच्या डॉक्टरीणबाईंनाही तेजस्वी ठणकावत होती, "फ्लॉवर शिजवला की त्यातलं विष रश्श्यात उतरतं. मी रोज कच्च्या कोबीचा ग्लासभर रस पिते."

शहाणीच आहे, सगुणाबाईंनी मनात म्हटलं.

"उलट आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोबी-फ्लॉवरमधले काही घटक थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाहीत. शिजवल्यावर ते बरेच कमी होतात. थोडी कोशिंबीर चालेल, हा रस बंद करा. मीठ कोणतं खाता?"

"सैंधव. नॅचरल!"

"त्यात आयोडीन घातलेलं नसतं. म्हणजे आयोडीनचीही बोंब."

सगुणाबाई फणकारल्या, "मिठागरवाल्यांच्या घरात येऊन मीठच बदललंस, बाई! आज रस्सा मीच करणार."